पाचशे सदतीस बॉम्ब, पाचशे शहात्तर चौकोन
(प्रस्तावना)

१९४६ साली ब्रिटनमधल्या विमागणितज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात आर. डी. क्लार्क यांचे एक अगदी छोटे टिपण प्रसिद्ध झाले. क्लार्क प्रुडेन्शियल विमा कंपनीत विमागणितज्ञ होते. महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. १९४४ च्या जूनपासून जर्मनीने लंडनवर व्ही-१ जातीचे उडते बॉम्ब सोडले होते आणि ते कुठे कुठे पडले याची नोंद उपलब्ध होती. हे बॉम्ब शहरभर सारखे विखरून न पडता घोळक्याने पडतात, असे लोक तेव्हा वारंवार बोलत असत. एकाच वस्तीवर तीन-चार बॉम्ब पडावेत आणि शेजारची वस्ती शाबूत राहावी, हे पाहणाऱ्याला त्यामागे नेम आहे असे वाटणे साहजिक होते.

क्लार्क यांनी दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरांचा भाग निवडला आणि त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौकोन केले. या भागात एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. मग त्यांनी मोजले, की किती चौकोनांत एकही बॉम्ब पडला नाही, किती चौकोनांत एक पडला, किती चौकोनांत दोन. एवढ्या मोजणीवर घोळक्यांच्या समजुतीची परीक्षा करता येते. त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: बॉम्ब कुठलाही नेम न धरता पडले असते, तर किती चौकोनांत किती बॉम्ब दिसले असते?

हे पुस्तक त्या उत्तरामागच्या सूत्राविषयी आहे. द्विपद वितरणात प्रयत्नांची संख्या वाढत गेली आणि यशाची शक्यता त्याच प्रमाणात घटत गेली, तर शेवटी काय उरते, हे ते सूत्र सांगते. पाठ्यपुस्तकांत त्याची सिद्धता पाच-सहा ओळींत उरकलेली असते. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि कोणत्या ओळीत नेमके काय सोडून दिले हे त्यांना कळत नाही. माझ्या वर्गात हे मी अनेक वर्षे पाहिले. म्हणून या प्रस्तावनेत मी तीच सिद्धता क्लार्क यांच्या चौकोनांवर सावकाश चालवून दाखवणार आहे.

एखादा चौकोन डोळ्यांसमोर आणा. बॉम्ब कुठेही सारख्याच शक्यतेने पडत असेल, तर तो याच चौकोनात पडण्याची शक्यता ५७६ पैकी १. असे ५३७ बॉम्ब पडले, आणि एकाचे पडणे दुसऱ्यावर अवलंबून नाही असे धरले, तर या चौकोनातल्या बॉम्बची संख्या म्हणजे ५३७ प्रयत्नांतल्या यशांची संख्या झाली. ‘यश’ हा शब्द इथे विचित्र वाटतो, पण संभाव्यताशास्त्रात ज्या घटनेची मोजणी चालली आहे तिला यशच म्हणतात. प्रयत्न n, यशाची शक्यता p आणि यशे k असतील, तर द्विपद सूत्र असे:

P(k) = C(n,k) · p^k · (1−p)^(n−k)

चौकोनात नेमके दोन बॉम्ब पडण्याची शक्यता काढू. ५३७ बॉम्बमधून कोणते दोन, हे १,४३,९१६ प्रकारे निवडता येते. ते दोन्ही आपल्या चौकोनात पडण्याची शक्यता १/५७६ चा वर्ग, आणि उरलेले ५३५ बाहेर पडण्याची शक्यता ५७५/५७६ चा ५३५ वा घात. या तिन्हींचा गुणाकार ०.१७१२ येतो. इथे अंदाजाचा भाग कुठेच नाही, उत्तर बरोबर आहे. पण त्यात एक लाखांतली संख्या आहे, एक अतिशय लहान अपूर्णांक आहे आणि ५३५ वा घात आहे. हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी हे जिकिरीचे काम होते. त्याहून मोठी अडचण अशी, की या आकड्यांच्या गर्दीत उत्तर कशामुळे ठरते हे दिसत नाही.

ते दिसावे म्हणून p च्या जागी आपण सरासरी आणतो. दर चौकोनामागे सरासरी किती बॉम्ब? ५३७ भागिले ५७६, म्हणजे ०.९३२३. या सरासरीला λ म्हणू. λ = np, म्हणून p = λ/n. ही किंमत सूत्रात घालून पदे जरा सरकवली, की सूत्राचे चार तुकडे पडतात:

P(k) = [λ^k / k!] × [n(n−1)…(n−k+1) / n^k] × [(1−λ/n)^n] × [(1−λ/n)^(−k)]

इथवर काहीही सोडलेले नाही. हे द्विपद सूत्रच आहे, फक्त त्याची मांडणी बदलली आहे. आता λ आणि k जागेवर ठेवून n वाढू द्यायचा आणि प्रत्येक तुकडा कुठे जातो ते पाहायचे.

पहिल्या तुकड्यात n नाहीच, त्यामुळे तो तसाच राहतो. दुसऱ्या तुकड्यात वर k अवयव आहेत आणि खाली n तितक्याच वेळा आहे. दोन बॉम्बसाठी तो ५३६/५३७ इतका, म्हणजे ०.९९८१ भरतो. त्याचा अर्थ साधा आहे. पहिला बॉम्ब ५३७ मधून निवडला, तर दुसऱ्यासाठी ५३६ उरतात. n प्रचंड असेल तर एक कमी झाल्याने फरक पडत नाही आणि तुकडा १ कडे जातो. पण त्यासाठी k ठरावीक असला पाहिजे. k सुद्धा n बरोबर वाढू लागला, समजा n च्या वर्गमुळाइतका झाला, तर हा तुकडा १ कडे न जाता सुमारे ०.६१ कडे जातो. ‘k स्थिर ठेवून’ हे तीन शब्द विद्यार्थी सर्रास गाळतात, आणि सिद्धतेचा हा टप्पा त्यांच्यावरच उभा आहे.

चौथा तुकडाही असाच आहे. कंसातली संख्या १ च्या जवळ जाते आणि तिच्यावरचा घात ठरावीक आहे, म्हणून तोही १ कडे जातो. आपल्या उदाहरणात तो १.००३५ आहे.

खरी अडचण तिसऱ्या तुकड्यात आहे. कंसातली संख्या इथेही १ कडे जाते. मग ‘एकाचा कितवाही घात एकच’ असे म्हणून हा तुकडाही १ धरणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. त्यांचे उत्तर चुकते, पण त्यांना पडलेला प्रश्न योग्य आहे. चौथ्या तुकड्यात जे चालले ते तिसऱ्यात का चालत नाही? कारण इथे घात ठरावीक नाही. कंस १ च्या जितका जवळ सरकतो, तितका घातही वाढतो. एक ओढ उत्तराला १ कडे नेते, दुसरी शून्याकडे, आणि दोन्ही नेमक्या तोलात आहेत. λ = १ घेऊन पाहा. n दहा असताना उत्तर ०.३४८७ येते, शंभर असताना ०.३६६०, हजार असताना ०.३६७७. ते १ कडेही जात नाही, शून्याकडेही नाही. ते ०.३६७९ च्या आसपास स्थिरावते, आणि हीच e^(−1) ची किंमत आहे.

हा तोल कसा साधतो ते लॉगरिदम घेतल्यावर स्पष्ट होते:

n · ln(1−λ/n) = −λ − λ²/(2n) − λ³/(3n²) − …

उजवीकडच्या पहिल्या पदात n उरलेला नाही, घात आणि भाजक एकमेकांना खाऊन गेले. बाकीच्या प्रत्येक पदात n खाली आहे, म्हणून n वाढला की ती विरत जातात. उरते −λ, आणि तिसरा तुकडा e^(−λ) कडे जातो. np हा गुणाकार स्थिर ठेवण्याची अट इथे कामाला येते. p तेवढाच ठेवून n वाढवला असता तर हा तुकडा शून्य झाला असता, म्हणजे प्रत्येक चौकोनात बॉम्ब पडणे अटळ ठरले असते. p फारच वेगाने घटवला असता तर तो १ झाला असता आणि कुठल्याच चौकोनात काही पडले नसते. या दोन टोकांच्या मधली जागा np स्थिर राहिला तरच हाती लागते.

चारही तुकडे जोडले, की सीमेवर हे सूत्र उभे राहते:

P(k) = e^(−λ) · λ^k / k!

सिमेऑं-दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने ते १८३७ साली आपल्या ग्रंथात दिले. फौजदारी आणि दिवाणी खटल्यांतल्या निकालांची संभाव्यता हा त्या ग्रंथाचा विषय होता आणि या सूत्राला त्यात फार थोडी जागा मिळाली. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हेच ‘पॉयसन वितरण’ म्हणून येते.

आता क्लार्क यांच्या चौकोनांकडे परत जाऊ. n अनंताकडे गेला असे आपण कागदावर म्हटले, पण त्यांनी निवडलेल्या भागात बॉम्ब ५३७ च पडले होते. मग सीमेचे सूत्र इथे लावायचे कशाच्या बळावर? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. उत्तर असे, की प्रत्येक तुकडा त्याच्या सीमेपासून किती दूर आहे हे मोजता येते. दोन बॉम्बच्या बाबतीत दुसरा तुकडा सुमारे ०.१९ टक्क्यांनी कमी आहे. तिसरा e^(−λ) पेक्षा सुमारे ०.०८ टक्क्यांनी कमी आहे, आणि हा फरक नेमका वरच्या λ²/(2n) या पदाने सांगितलेला आहे. चौथा सुमारे ०.३५ टक्क्यांनी जास्त आहे. दोन चुका एका दिशेला, तिसरी उलट दिशेला, आणि सगळे मिळून फरक उरतो अवघा ०.०८ टक्के. द्विपद सूत्राने ०.१७१२, प्वासाँच्या सूत्राने ०.१७११.

असाच हिशेब सगळ्या चौकोनांचा केला तर पुढचा तक्ता मिळतो. शेवटच्या दोन स्तंभांत ५७६ चौकोनांपैकी किती अपेक्षित, ते दिले आहे.

| चौकोनातले बॉम्ब | प्रत्यक्ष चौकोन | द्विपद सूत्राने | प्वासाँच्या सूत्राने |
|---|---|---|---|
| ० | २२९ | २२६.५६ | २२६.७४ |
| १ | २११ | २११.५९ | २११.३९ |
| २ | ९३ | ९८.६२ | ९८.५४ |
| ३ | ३५ | ३०.५९ | ३०.६२ |
| ४ | ७ | ७.१० | ७.१४ |
| ५ किंवा जास्त | १ | १.५५ | १.५७ |

आधी उजवीकडचे दोन स्तंभ एकमेकांशी ताडून पाहा. त्यांच्यातला सर्वांत मोठा फरक एका चौकोनाच्या पाचव्या हिश्श्याइतका आहे. मग प्रत्यक्ष मोजणीचा स्तंभ ताडून पाहा. तिथले फरक पाच-सहा चौकोनांपर्यंत जातात. सूत्र बदलल्याने झालेली चूक निसर्गतःच होणाऱ्या चढउतारापुढे नगण्य आहे. सीमेचे सूत्र वापरायला मुभा मिळते ती या तुलनेने.

दर वेळी एवढा तक्ता मांडायची गरज नसते. ल्यूसियाँ ल काम यांनी १९६० साली सिद्ध केलेल्या एका असमानतेवरून असे निघते, की कोणत्याही घटनेची शक्यता या दोन सूत्रांनी काढली, तर उत्तरांतला फरक np² पेक्षा जास्त होत नाही. आपल्या उदाहरणात np² सुमारे ०.००१६ आहे. np² म्हणजे λ गुणिले p. म्हणून λ ठरलेला असेल तर चूक p च्या प्रमाणात असते. ‘n वीसपेक्षा मोठा हवा’ अशा ढोबळ नियमांपेक्षा हा निकष मला जास्त विश्वासार्ह वाटतो. n शंभर आणि p ०.३ असेल, तर n मोठा असूनही प्वासाँचे सूत्र दगा देते. द्विपद वितरणाचे प्रचरण, म्हणजे सरासरीभोवतीच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, np(1−p) असते. ते इथे २१ येते. प्वासाँच्या वितरणात प्रचरण सरासरीइतकेच असते, म्हणजे इथे ३०. त्यामुळे सूत्र प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त पसारा दाखवते.

प्रचरण आणि सरासरी सारखी असणे, या गुणातून एक तपासणीही हाती येते. क्लार्क यांच्या चौकोनांत सरासरी ०.९३ आणि प्रचरण ०.९७ आहे. दोन्ही जवळजवळ सारखी. बॉम्ब खरोखर घोळक्याने पडले असते तर रिकामे चौकोन वाढले असते, भरगच्च चौकोनही वाढले असते आणि प्रचरण सरासरीच्या बरेच वर गेले असते. तसे काही दिसत नाही. क्लार्क यांनी काई-वर्ग कसोटीही लावली. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांतली एकूण तफावत १.१७ आली. बॉम्ब नेम न धरता पडत असताना केवळ योगायोगाने याहून मोठी तफावत येण्याची शक्यता ०.८८ आहे. याहून चांगला मेळ मागणे अवघडच.

पण या मेळामागे क्लार्क यांची एक काळजीपूर्वक निवड आहे, आणि ती नजरेआड झाली तर सूत्राचा गैरवापर होतो. त्यांनी सगळे लंडन घेतले नाही. ज्या भागात बॉम्बची अपेक्षित घनता जवळजवळ एकसारखी होती तेवढाच भाग घेतला. सिद्धतेत आपण p सगळीकडे सारखा धरला होता, ही निवड त्या गृहीतासाठी होती. ते मोडले तर काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा निम्म्या चौकोनांत सरासरी ०.४३ आणि निम्म्यांत १.४३ असती. एकूण सरासरी ०.९३ च राहिली असती. एकसारखी घनता असती तर रिकामे चौकोन सुमारे २२७ अपेक्षित असते, पण या मिश्रणात ते सुमारे २५६ निघतात आणि प्रचरण १.१८ वर जाते. प्रत्येक निम्म्या भागात बॉम्ब नेम न धरताच पडले आहेत, तरीही एकत्र तक्त्यात घोळके असल्याचा भास होतो. म्हणून प्रचरण सरासरीच्या वर गेलेले दिसले, की लगेच घटना एकमेकींना ओढतात असा निष्कर्ष काढू नये. आधी पाहावे, की दोन वेगळ्या सरासरींचे गट आपण एकत्र केले नाहीत ना.

आता सिद्धतेतल्या त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतले. अंतिम सूत्रात n नाही आणि p सुद्धा नाही. आहे फक्त त्यांचा गुणाकार. लंडनच्या उदाहरणात n आणि p दोन्ही माहीत होते, म्हणून ही गोष्ट केवळ सोयीची वाटते. पण १८९८ साली लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा तिच्यावाचून त्यांचे काम पुढे सरकलेच नसते. त्यांच्या माहितीतल्या १० तुकड्यांच्या २० वर्षांच्या नोंदीत १२२ मृत्यू आहेत, म्हणजे दर तुकडीला दर वर्षी सरासरी ०.६१. इथे n काय धरणार? सैनिक घोड्याजवळ जितक्या वेळा गेला तितके प्रयत्न? ते कोणी मोजले नव्हते, मोजणे शक्यही नव्हते. एका वेळच्या जवळ जाण्यात मृत्यूची शक्यता p किती, हेही कोणाला सांगता आले नसते. पण प्रयत्न पुष्कळ आणि प्रत्येकाची शक्यता अगदी थोडी, एवढे खात्रीने म्हणता येत होते, आणि गुणाकार ०.६१ समोर होता. तेवढ्यावरून सूत्र सांगते, की दोनशे नोंदींपैकी सुमारे १०९ मध्ये एकही मृत्यू नसावा. प्रत्यक्षात तशा नोंदी १०९ होत्या.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या प्रस्तावनेतूनच आला आहे. पहिल्या दोन प्रकरणांत तिसरा तुकडा सविस्तर येईल, लॉगरिदमने आणि लॉगरिदमशिवायही. तिसऱ्यात लागोपाठच्या दोन शक्यतांचे गुणोत्तर घेऊन केलेली दुसरी सिद्धता आहे. P(k+1) आणि P(k) यांचे गुणोत्तर सीमेवर λ/(k+1) होते. त्यामुळे पहिला आकडा मिळाला, की पुढचे सगळे एकेका गुणाकाराने निघतात. चौथे प्रकरण सूत्रातली चूक मोजण्याविषयी आहे आणि पाचवे वेगवेगळ्या p असलेल्या प्रयत्नांविषयी. वाचकाला घातांकाचे नियम आणि लॉगरिदमची ओळख असली तर पुरे. मात्र कागद-पेन्सिल जवळ असू द्यावे. वरच्या तक्त्यातला तीन बॉम्बचा आकडा स्वतः काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

तो काढताना तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळींकडेही लक्ष द्यावे. चार किंवा त्याहून जास्त बॉम्ब पडलेले आठ चौकोन होते. त्यांतल्या एखाद्या चौकोनात राहणाऱ्या माणसाला, शत्रूने आपल्यावरच नेम धरला आहे, असे वाटले असणार. नेम न धरता पडलेल्या ५३७ बॉम्बमध्येही असे आठ-नऊ चौकोन निघणारच, हे e^(−λ) · λ^k / k! मधून कळते. बॉम्ब लंडनवरच रोखलेले होते, ते सूत्र नाकारत नाही. या १४४ चौरस किलोमीटरांच्या आत अर्धा किलोमीटर लांबीरुंदीचा एखादा चौकोन हेरून मारला जात होता, असे मानायला या मोजणीत आधार नाही, इतकेच ते सांगते.